‘नंबर लागला नाही’ हे कसं लिहावं?

14 जून 2025 ची गोष्ट. शनिवार होता. ‘नीट’चा निकाल लागला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपासून एकच प्रश्न फिरू लागला: “काय झालं गं निकालाचं?” प्रश्न माझ्या मावसबहिणीला होता. ती आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला भागातली. पैनगंगेच्या या काठावर सरकारी कागद तेलुगूत येतो आणि घरातलं भांडण मराठीत होतं, असा आमचा मुलूख. तिनं इंटरला बायपीसी घेतलं होतं, आदिलाबादला हॉस्टेलवर राहून अभ्यास केला होता. त्या दुपारी तिनं ग्रुपवर काहीच उत्तर दिलं नाही. मला मात्र एक मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, बघ ना, हे स्टेटसला टाकू का?”

मजकूर असा होता: “सॉरी आई-बाबा. मी तुमची सगळी स्वप्नं मोडली. मी कशाच्याच लायकीची नाही. कुणी फोन करू नका.”

मी तिला म्हटलं, टाकू नकोस. आधी मला फोन कर. रविवारी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी तो मजकूर तीन वेळा लिहिला. साहित्य मंडळाच्या अंकात कविता-कथांबद्दल आपण बरंच लिहितो. पण आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी लिहावा लागणारा हा सहा ओळींचा मजकूर कसा लिहायचा, हे कुणी सांगत नाही. म्हणून त्या तीन मसुद्यांचीच हकीकत इथे सांगते. मजकूर तिच्या परवानगीने देते आहे.

पहिला मसुदा का नको होता

त्या मसुद्यात निकाल नव्हताच. किती गुण पडले, पात्र ठरली की नाही, पुढे काय करणार, यातलं काहीच वाचणाऱ्याला कळत नव्हतं. कळत होतं ते फक्त एवढंच की पोरगी फार वाईट अवस्थेत आहे. असं स्टेटस वाचलं की पन्नास माणसं घाबरून फोन करतात, आणि ‘फोन करू नका’ असं लिहिल्यामुळे जरा जास्तच करतात.

शिवाय आपल्या राज्यात अशा वाक्यांना एक वेगळं वजन आहे. एप्रिल 2019 मध्ये तेलंगणाच्या इंटरच्या निकालात गंभीर चुका निघाल्या. निकालानंतर वीसहून जास्त मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. मग सरकारनं नापास झालेल्या तीन लाखांहून अधिक मुलांचे पेपर फुकट तपासून घेतले, आणि त्यातले हजाराहून अधिक जण पास असल्याचं निघालं. तेव्हापासून निकालाच्या दिवशी ‘मी कशाच्याच लायकीची नाही’ हे वाक्य कुणी सहज वाचून पुढे जात नाही, आणि जाऊही नये.

म्हणून पहिली गोष्ट मी तिला सरळ विचारली: “हे नुसतं रागानं लिहिलंस, की खरंच तसं वाटतंय?” ती रडली, मग म्हणाली, “रागानं.” उत्तर दुसरं आलं असतं तर पोस्टचा विषय तिथेच संपवून मी तिच्या घरी फोन केला असता. तुमच्या मनात तसं काही येत असेल तर ते स्टेटसवर लिहू नका. शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगा, किंवा 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर लावा. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो. स्टेटस वाचणारा माणूस ते कधी उघडेल याचा भरवसा नसतो.

आधी खात्री, मग घर, मग पोस्ट

2019 च्या त्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. निकाल पाहिल्या पाहिल्या जाहीर करू नये. आधी तो समजून घ्यावा. ‘नीट’मध्ये आपल्या उत्तरपत्रिकेची, म्हणजे ओएमआरची प्रत मिळते आणि उत्तरतालिकाही जाहीर होते. दोन्ही शेजारी ठेवून मोजायला दीड-दोन तास लागतात. आम्ही शनिवारी रात्री फोनवर बोलत बोलत मोजलं.

‘नीट’मध्ये 180 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलेल्याला 1 गुण वजा, आणि सोडलेल्याला काहीच नाही. तिचा हिशेब असा निघाला: जीवशास्त्राच्या 90 प्रश्नांत 56 बरोबर, 28 चूक, म्हणजे 196 गुण. रसायनशास्त्राच्या 45 मध्ये 24 बरोबर, 17 चूक, म्हणजे 79. आणि भौतिकशास्त्राच्या 45 मध्ये 12 बरोबर, 25 चूक. 48 मधून 25 गेले, राहिले 23. एकूण 298. निकालपत्रावरही 298 च होते. म्हणजे निकाल बरोबर होता. पण हे मोजल्यामुळे दुसरी एक गोष्ट झाली. ‘मी कशाच्याच लायकीची नाही’ याच्या जागी ‘भौतिकशास्त्रात माझी 25 उत्तरं चुकली’ हे वाक्य आलं. पहिलं वाक्य तिच्याबद्दल होतं, दुसरं पेपरबद्दल. दुसऱ्यावर काहीतरी करता येतं.

मग घर. आई-बाबांना तिनं शनिवारीच सांगितलं होतं. पण हॉस्टेलचे पैसे मामांनी भरले होते, कापूस विकून आलेल्या पैशांतून. मी विचारलं, “मामांना सांगितलंस?” ती म्हणाली, “ग्रुपवर वाचतीलच ना.” हे मात्र चुकीचं. ज्यानं आपल्यासाठी पैसा किंवा वेळ घातला, त्याला ही बातमी इतर चाळीस जणांबरोबर मिळता कामा नये. अशी माणसं सहसा तीन-चारच असतात: आई-वडील, फी भरणारं कुणी, आणि शिकवलेले एखादे सर किंवा मॅडम. पोस्टच्या आधी त्यांना फोन. तिनं रविवारी सकाळी मामांना फोन लावला. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जेवलीस का?” ती मला नंतर म्हणाली की एवढं ऐकलं आणि पोस्टची भीती अर्धी गेली.

दुसरा मसुदा: सुविचार आणि तक्रार

रविवारी दुपारी दुसरा मसुदा आला. यात ती सावरली होती, पण जरा जास्तच. सुरुवातीला अपयश आणि यशाच्या पायरीचा सुविचार, मग उगवत्या सूर्याचं चित्र, मग “यंदा भौतिकशास्त्राचा पेपर मुद्दाम अवघड काढला होता, सेंटरवर घड्याळही दिसत नव्हतं” आणि शेवटी “पुढच्या वर्षी मी परत येईन आणि सगळ्यांना दाखवून देईन!”

यातलं काय काय काढलं आणि का, ते सांगते.

सुविचार काढला, कारण तो कुणाच्याही नावावर चालला असता. वाचणाऱ्याला तिचं काय झालं ते हवं असतं. सुविचार आला की वाचणारा समजतो, पोरीला सांगायचं नाही, आणि मग तो खासगीत विचारायला लागतो: “अगं पण मार्क किती?”

तक्रार काढली. त्या वर्षीचा भौतिकशास्त्राचा पेपर कठीण होता असं पुष्कळांचं मत होतं, ते खोटं नव्हे. पण तोच पेपर सगळ्यांना होता. निकालाच्या दिवशी पेपरला दोष दिला की वाचणारा मनात लगेच ज्याला चांगले गुण पडले त्याचं नाव घेतो. खरीच काही गडबड झाली असेल, प्रश्नाचं उत्तर चुकीचं धरलं असेल, तर त्याला मुदतीत हरकत नोंदवायची वाट असते. तिथे फी भरून, पुरावा जोडून लिहायचं. तक्रार आणि निकालाची बातमी एकाच मजकुरात घातली तर दोन्ही दुबळी होतात.

‘दाखवून देईन’ काढलं. दाखवायचं कुणाला? वाचणारे बहुतेक तिचे हितचिंतकच होते. आणि परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, हे तिचं अजून ठरलंच नव्हतं. आमच्याकडे पुन्हा वर्षभर तयारी करण्याला ‘लाँग टर्म’ म्हणतात. त्यात वर्ष जातं, पैसे जातात. रविवारी दुपारच्या भरात पन्नास लोकांसमोर ते वचन देऊन बसलं की जुलैमध्ये शांतपणे दुसरा विचार करणं जड जातं. माघार घेतल्यासारखं वाटतं.

एका शब्दाचा प्रश्न

दुसऱ्या मसुद्यात आणखी एक शब्द होता, ‘नापास’. तिनं लिहिलं होतं, “मी नीटमध्ये नापास झाले.” आम्ही यावर बराच वेळ बोललो, कारण ते खरंच नव्हतं.

नापास हा बोर्डाच्या परीक्षेचा शब्द. इंटरला एखाद्या विषयात 35 टक्के पडले नाहीत तर तो विषय राहतो, मग सप्लीला बसायचं. प्रवेश परीक्षेत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत. पहिली, पात्र ठरणं. 2025 च्या ‘नीट’मध्ये खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा 144 गुणांवर होती. तिला 298 होते, म्हणजे ती पात्र होती. दुसरी, क्रमांक. तो गुणांवरून ठरतो. तिसरी, जागा मिळणं. ती समुपदेशनाच्या फेऱ्यांनंतर कळते, निकालाच्या दिवशी नाही. सरकारी कॉलेजच्या जागा थोड्या, म्हणून पात्र ठरलेल्यांतल्या पुष्कळांना ती मिळत नाही. आपल्या बोलीत यालाच ‘नंबर लागला नाही’ म्हणतात, आणि मला हा शब्दप्रयोग फार नेमका वाटतो. रांग होती, मी रांगेत होते, माझ्यापर्यंत आली नाही. त्यात लाज नाही आणि खोटंही नाही.

म्हणजे पोस्ट लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: माझं नेमकं काय झालं? विषय राहिला, अपात्र ठरले, क्रमांक मागे आला, की जागा हुकली? जे झालं तोच शब्द लिहायचा. झालं त्याहून मोठा शब्द वापरला तर आपणच स्वतःवर अन्याय करतो. छोटा वापरला, ‘थोडक्यात हुकलं’ असं लिहिलं आणि ते थोडक्यात नव्हतं, तर चार दिवसांत कुणीतरी हिशेब काढतो.

आशा कुठे ठेवायची

या बाबतीत मला डॉ. अब्दुल कलामांचं एक उदाहरण आठवलं. त्यांचं आत्मचरित्र ‘अग्निपंख’ नावानं मराठीत आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत बक्षीस म्हणून मिळवलेलं असेल. वैमानिक व्हायचं म्हणून ते डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीसाठी गेले. 25 उमेदवार होते, 8 जणांना घेतलं, कलाम नववे आले. हे सांगताना ते आकडा लपवत नाहीत आणि निवड करणाऱ्यांना दोषही देत नाहीत. वाईट वाटलं हे सांगतात, तिथून ऋषिकेशला गेलो हे सांगतात, आणि मग 1958 मध्ये संरक्षण खात्यात नोकरीला लागलो, हे. म्हणजे आकडा, मग दुःख, मग पुढचं ठिकाण.

पण आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. त्यांनी हे चाळीस वर्षांनी लिहिलं, शेवट माहीत असताना. माझ्या बहिणीला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहायचं होतं. तिला शेवट माहीत नव्हता. तेव्हा तिच्या पोस्टमध्ये आशा निकालाच्या रूपात ठेवता येत नव्हती; ती पुढच्या एखाद्या तारखेच्या किंवा कामाच्या रूपातच ठेवता येत होती. ‘मी डॉक्टर होणारच’ हे वाचणाऱ्याला पटत नाही, कारण ते तिच्या एकटीच्या हातात नाही. ‘या आठवड्यात अमुक अर्ज भरते आहे’ हे पटतं, कारण ते हातात आहे.

तिच्या हातात काय होतं? तेलंगणात पदवीचे प्रवेश ज्या ऑनलाइन पद्धतीनं होतात तिचं नावच ‘दोस्त’ आहे. तिथे बीएस्सी बीझेडसीसाठी, म्हणजे वनस्पती, प्राणी आणि रसायनशास्त्रासाठी, अर्ज करता येत होता. लाँग टर्मचा निर्णय घ्यायला तिनं आणि बाबांनी 31 जुलै ही तारीख ठरवली. एवढं पुरेसं होतं.

तिसरा मसुदा

शेवटी रविवारी संध्याकाळी हे गेलं:

“नमस्कार. नीटचा निकाल लागला. मला 720 पैकी 298 गुण मिळाले. मी पात्र ठरले आहे, पण सरकारी कॉलेजात नंबर लागेल असं वाटत नाही. भौतिकशास्त्रात माझी 25 उत्तरं चुकली. येत नव्हतं तिथे अंदाज केला आणि गुण कापले गेले. वाईट वाटतंय, पण घरी सगळ्यांशी बोलले आहे. आता ‘दोस्त’वर बीएस्सीचा अर्ज भरते आहे. नीट पुन्हा द्यायची का, ते 31 जुलैपर्यंत ठरवणार. कुणाकडे भौतिकशास्त्राच्या जुन्या वह्या असतील तर मला हव्या आहेत. दोन दिवस फोन नको, मेसेज मात्र वाचेन.”

बघा, यात ‘वाईट वाटतंय’ आहे. ते काढून टाकायचं नसतं. एकदा, साध्या शब्दांत लिहायचं असतं. कारण एकच दिलं आहे, तेही स्वतःच्या हातातलं. वह्यांची मागणी मुद्दाम घातली. लोकांना मदत करायची असते, पण काय करावं ते कळत नाही, मग ते सल्ला देतात. छोटं, नेमकं काही मागितलं की सल्ल्याची जागा त्या कामानं भरते. आणि ‘फोन नको’ तेच राहिलं, फक्त ‘दोन दिवस’ आणि ‘मेसेज वाचेन’ हे जोडलं. दार लोटलं, कडी घातली नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. तिला मजकुराबरोबर निकालपत्राचा फोटो टाकायचा होता, ‘म्हणजे कुणाला खोटं वाटायला नको’. तो टाकू दिला नाही. त्यावर अर्ज क्रमांक, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं, प्रवर्ग, सगळं असतं. पुढची कितीतरी लॉगिनं याच माहितीवर उघडतात, आणि ‘सीट मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना हीच माहिती हवी असते. मजकुरात गुण लिहिले तेवढे पुरे. प्रवर्गही लिहू नये. मग चर्चा तुमच्या पेपरवरून उठून तुमच्या जातीवर जाऊन बसते.

दुसरी गोष्ट भाषेची. तिचे नातेवाईक मराठी वाचतात, वर्गातल्या मैत्रिणी तेलुगू. तिनं आधी हाच मजकूर जसाच्या तसा तेलुगूत करून टाकायचं ठरवलं. पण मैत्रिणींमध्ये कुणाला तिच्याहून कमी गुण होते, कुणाचा नंबर लागण्यासारखा होता. तिथे आकड्यांची गरज नव्हती. त्यांच्यासाठी वेगळ्या तीन ओळी लिहिल्या: माझं यंदा होईल असं वाटत नाही, मी बीएस्सीला अर्ज करते आहे, ज्यांना चांगले गुण पडले त्यांचं अभिनंदन. स्टेटस कुणाला दिसावं हे आधी निवडता येतं. तिनं दोन याद्या केल्या.

पोस्टनं सगळं गोड झालं असं नाही. एका काकांनी “नशीब!” लिहिलं, एका काकूंनी कुणाच्या तरी मुलीचे 540 गुण कळवले. आम्ही आधीच ठरवलं होतं की सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं: “कळवल्याबद्दल धन्यवाद.” वाद नाही, खुलासा नाही. काकूंनाही तेच गेलं.

मंगळवारी जैनथच्या एका मुलीचा मेसेज आला. तिला बहीण ओळखतही नव्हती. कुणीतरी मजकूर पुढे पाठवला होता. तिनं लिहिलं होतं की तिचाही मागच्या वर्षी नंबर लागला नव्हता, आता ती आदिलाबादला बीएस्सीला आहे, आणि तिच्याकडे भौतिकशास्त्राच्या चार वह्या आहेत. फक्त प्रकाशाच्या धड्याची पानं उंदरांनी खाल्ली आहेत, चालेल का?

बहिणीनं उत्तर दिलं, “चालेल. तो धडा मला येतो.”